कॅमेरा आव्यूह
त्रिमितीय बिंदूचे चित्रातील स्थान देणारी ३ × ४ संख्यांची मांडणी. सूचिछिद्र कॅमेऱ्याचे स्थान व रोख (सहा बाह्य प्रचल) आणि केंद्रांतर, चित्रमध्य इ. (पाच अंतर्गत प्रचल) तीत एकवटतात. उदा., केंद्रांतर ८०० पिक्सेल व चित्रमध्याचा स्तंभ ३२० असल्यास, २ मी. पुढे व ०·५ मी. उजवीकडे असलेला बिंदू ३२० + ८०० × ०·५ ÷ २ = ५२० व्या स्तंभात पडतो.

पूर्वी मापनासाठी अंतर्गत प्रचल ज्ञात असलेले खास कॅमेरे वापरीत. १९७१ मध्ये अब्देल-अझीझ व करारा यांनी आव्यूहातील ११ स्वतंत्र सहगुणक थेट काढण्याची रीत मांडली. प्रत्येक ज्ञात बिंदूपासून दोन समीकरणे मिळत असल्याने सहा बिंदू पुरतात. त्यामुळे साधा कॅमेराही मापनयोग्य ठरला. मात्र सर्व बिंदू एकाच प्रतलात असल्यास उत्तर एकमेव राहत नाही.