गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती कर्जातील सभासदाचा हिस्सा

गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती कर्जातील सभासदाचा हिस्सा म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सहकारी गृहनिर्माण संस्थेने काढलेल्या कर्जाच्या परतफेडीत प्रत्येक सदनिकाधारकावर पडणारा वाटा होय. कर्ज संस्थेच्या नावावर असते. बँकेचा व्यवहार संस्थेशी होतो आणि संस्था आपल्या सभासदांकडून रक्कम गोळा करते. त्यामुळे एखादा सभासद हप्ता भरू शकला नाही, तर बँकेआधी त्याची झळ शेजाऱ्यांना बसते. महाराष्ट्रात हा विषय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि आदर्श उपविधी यांच्या चौकटीत येतो. गृहनिर्माण संस्थांसाठी या अधिनियमात २०१९ साली १३-ब हे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले.

== कर्जाची गरज ==
आदर्श उपविधींनुसार संस्था दरवर्षी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड गोळा करते. हा बांधकाम खर्च इमारत उभी राहिली त्या काळचा असतो. तीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर काढलेली टक्केवारी आजच्या मजुरी व सिमेंटच्या दरांपुढे तोकडी पडते. छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या वसाहतींचे काम १९७० च्या दशकात सुरू झाले, त्यामुळे शहरातील अनेक इमारती आता जुन्या झाल्या आहेत. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करावी, असे उपविधी सांगतात. तपासणीत खांब किंवा छतातील लोखंड गंजल्याचे दिसले की कामाचा अंदाज लाखांत जातो. हा खर्च व्यवस्थापक समितीच्या स्वतःच्या अधिकाराबाहेरचा असतो. त्यासाठी, तसेच कर्ज काढण्यासाठी, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

== हिस्सा ठरवण्याची पद्धत ==
संस्थेची सर्वच वर्गणी एका मापाने वाटली जात नाही. कार्यालय, पहारेकरी, सफाई यांसारखा सेवा खर्च सर्व सदनिकांवर समान पडतो. मोठ्या दुरुस्तीचा निधी मात्र सदनिकेच्या क्षेत्रफळानुसार आकारावा, अशी उपविधींत तरतूद आहे. वाद बहुधा इथेच सुरू होतो. लहान घराचा मालक क्षेत्रफळाचा आग्रह धरतो. मोठ्या घराच्या मालकाला समान वाटणी बरी वाटते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० सदनिकांच्या एका संस्थेत १२ घरे ४०० चौरस फुटांची व ८ घरे ६५० चौरस फुटांची आहेत. एकूण क्षेत्रफळ १०,००० चौरस फूट. संस्थेने ३० लाख रुपये १२ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६६,७३३ रुपये येतो. लहान घराचा वाटा ४ टक्के, म्हणजे मुद्दलात १,२०,००० रुपये व महिन्याला २,६६९ रुपये. मोठ्या घराचा वाटा ६.५ टक्के, म्हणजे १,९५,००० रुपये व महिन्याला सुमारे ४,३३८ रुपये. समान वाटणी केली असती, तर प्रत्येकाला महिन्याला सुमारे ३,३३७ रुपये भरावे लागले असते. वाटणीचे सूत्र ठरावात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर पुढे वसुलीच्या वेळी हरकतीला जागा राहते.

इमारतीची नोंदणी सहकारी संस्था म्हणून नसून महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खाली असेल, तर हे उपविधी लागू होत नाहीत. तिथे सामाईक खर्च घोषणापत्रातील अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात पडतो.

== हप्ता थकल्यास ==
वरील उदाहरणातील लहान घरात राहणाऱ्या, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका सभासदाने वर्षभर हप्ता भरला नाही असे समजू. बँकेला दरमहा पूर्ण ६६,७३३ रुपये द्यावेच लागतात. २,६६९ रुपयांची तूट संस्था इतर निधीतून भरते. वर्षाअखेर थकबाकी ३२,०२८ रुपये होते. थकीत रकमेवर सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, पण कमाल २१ टक्के सरळव्याज आकारता येते. प्रत्येक हप्ता महिन्याच्या आरंभी देय धरला, तर कमाल दराने वर्षाचे व्याज सुमारे ३,६४३ रुपये येते आणि एकूण येणे ३५,६७१ रुपये होते. व्याजावर व्याज लावता येत नाही. हिशेबात तसे दिसल्यास ती चूक समजावी.

लेखी मागणीनंतर किंवा देय तारखेपासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो व समितीवर निवडून येण्यास अपात्र होतो. पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार आदर्श उपविधी संस्थेला देत नाहीत. सतत वर्गणी चुकवणाऱ्याला सभासदत्वावरून काढण्याची तरतूद आहे. परंतु त्यासाठी तीन-चतुर्थांश मतांचा ठराव आणि निबंधकाची मान्यता आवश्यक असते.

== वसुली ==
वसुलीचा नेहमीचा मार्ग कलम १५४ ब-२९ चा आहे. २०१९ पूर्वी गृहनिर्माण संस्था यासाठी कलम १०१ चा आधार घेत. संस्था खातेउतारा, ठरावांच्या प्रती व नोटिसा जोडून निबंधकाकडे अर्ज करते. दोन्ही बाजू ऐकून निबंधक वसुली दाखला देतो. त्यानंतरची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली अधिकारी १९६१ च्या नियमांतील नियम १०७ नुसार मागणीची नोटीस काढतो, मालमत्ता जप्त करतो व शेवटी सदनिकेचा लिलावही होऊ शकतो. लिलावानंतर ३० दिवसांत संपूर्ण येणे आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या ५ टक्के रक्कम भरल्यास विक्री रद्द करून घेता येते.

दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो. पण त्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भराव्या लागतात. वाद रकमेचा नसून ठरावाच्या किंवा वाटणीच्या वैधतेचा असेल, तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येते.

== न भरू शकणारा सभासद ==
कायदा ‘भरत नाही’ आणि ‘भरू शकत नाही’ यांत फरक करीत नाही. तो फरक सर्वसाधारण सभेलाच करावा लागतो. मुद्दलातील वाटा माफ केल्यास तो इतरांवर पडतो. व्याजाचा दर २१ टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, तितका ठेवलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे सभा तो कमी ठरवू शकते. परतफेडीचे लहान हप्ते लेखी ठरवून देणे हाही एक मार्ग आहे. त्यासाठी सभासदाने अडचण लेखी कळवणे आणि जमेल तितकी रक्कम भरत राहणे उपयोगी ठरते. सुनावणीत ती नोंद त्याच्या बाजूने पुरावा म्हणून मांडता येते. घर विकले गेले, तरी हस्तांतरणापूर्वी संस्थेचे येणे फेडावे लागते. म्हणून अनेकदा थकबाकी अखेर विक्रीच्या किमतीतून वळती होते. सभासदाचा मृत्यू झाल्यावरही येणे सदनिकेच्या खात्यावर राहते आणि घर स्वतःच्या नावावर करून घेताना वारसांना ते चुकते करावे लागते.