स्नायुविघटन
दाबाने चिरडल्यामुळे किंवा अतिश्रमाने सांगाड्याचे स्नायू फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरण्याची अवस्था, वैद्यकात ऱ्हॅब्डोमायोलिसिस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. अशा ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाचा खरा धोका पुष्कळदा सुटकेनंतर सुरू होतो. पेशीतील ऊर्जा संपून कॅल्शियम आत साठते, पेशीपटल फाटते आणि दाब हटताच पोटॅशियम व मायोग्लोबिन हे स्नायूतील लाल प्रथिन रक्तात लोटले जाते. पहिले हृदय थांबवू शकते, दुसरे मूत्रनलिका तुंबवते. लघवी कोऱ्या चहासारखी होते, पट्टीवर रक्ताचा अंश दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ आढळत नाहीत.

क्रिएटिन कायनेज हे स्नायूतील विकर काही तासांत वाढून एक ते तीन दिवसांत शिखर गाठते व पुढे रोज साधारण चाळीस टक्क्यांनी उतरते. शिखराची वेळ उलटल्यावरही ४०,००० एककांचा आकडा दुसऱ्या दिवशी २४,००० च्या आसपास न येता चढत राहिला, तर स्नायू अजून मरत आहेत असे समजावे. ५,००० च्या वर मूत्रपिंडाला धोका वाढतो. म्हणून अंग मोकळे करण्यापूर्वीच शिरेतून तासाला सुमारे एक लिटर सलाइन सुरू करतात; पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळतात. लघवी उतरतच नसेल, तर मात्र द्रव आवरून डायलिसिसकडे वळावे लागते.