दहाच्या आतला टीएसएच

1891 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. बाईचा चेहरा सुजला होता, कातडी जाड आणि कोरडी पडली होती, बोलणं संथ झालं होतं. काही आठवड्यांत सूज उतरली. ही बाई पुढे 28 वर्षं जगली, 74व्या वर्षी गेली. त्या काळात तिच्यासाठी 870हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. या दुखण्याचं वर्णन विल्यम गलने 1873मध्ये केलं होतं आणि 1878मध्ये विल्यम ऑर्डने त्याला मिक्सिडिमा हे नाव दिलं होतं. तेव्हा निदानाला रक्त तपासावं लागत नव्हतं. रुग्ण दारातून आत आला की जाणत्या डॉक्टरला कळत असे.

आज मुंबईत किंवा नाशकात 'थायरॉइड निघालाय' असं सांगणाऱ्या बहुतेकांचं चित्र याच्या अगदी उलटं असतं. चेहरा नेहमीसारखा, फ्री टी-फोर म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन नॉर्मल, फक्त टीएसएचच्या आकड्याखाली लॅबने ठळक अक्षरं केलेली. दिसणाऱ्या आजारापासून निव्वळ आकड्यापर्यंतचा हा प्रवास समजला, तर गोळी सुरू करायची की थांबून पुन्हा रक्त द्यायचं, याचं उत्तर बरंचसं त्यातच सापडतं.

मरेनंतरची साठ-सत्तर वर्षं मोजमापाची साधनं ढोबळच होती. रुग्णाला उपाशीपोटी आडवं झोपवून तो किती प्राणवायू वापरतो ते मोजायचं, किंवा रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजायचं. ग्रंथी बरीच मंदावली तरच या चाचण्यांत काही दिसे. 1959च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून इन्सुलिनचं अत्यल्प प्रमाण मोजण्याची रीत काढली. 1965मध्ये तीच रीत माणसाच्या टीएसएचला लागू झाली आणि डॉक्टरांना पहिल्यांदाच ग्रंथीऐवजी तिच्यावर देखरेख करणाऱ्या पिट्युटरीचं म्हणणं वाचता आलं.

पिट्युटरी हा चिडखोर मुकादम आहे. थायरॉइडचं काम जरा ढिलं पडलं की ती टीएसएच वाढवते, आणि वाढवते तेही बेतानं नाही. थायरॉक्सिन निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून थायरॉक्सिनमधली किरकोळ घट थायरॉक्सिनच्या आकड्यात दिसतच नाही, टीएसएचमध्ये मात्र ढळढळीत दिसते. त्यातच थायरॉक्सिनची 'नॉर्मल' मर्यादा हजारो लोकांवरून ठरवलेली आणि ऐसपैस असते, तर एकेका माणसाचा स्वतःचा पल्ला त्याहून खूप अरुंद असतो. स्वतःच्या पातळीपेक्षा थोडं खाली आलेलं थायरॉक्सिन लॅबच्या चौकटीत मजेत बसतं. पिट्युटरीला मात्र ते खपत नाही.

1973मध्ये, पुन्हा न्यूकॅसलच्याच डॉक्टरांनी, थायरॉइडच्या कमतरतेच्या पायऱ्या पाडून दाखवल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर होती ती ही सबक्लिनिकल अवस्था. त्याच सुमारास जवळच्या व्हिकम गावात 2,779 प्रौढांची पाहणी झाली. तिथे 7.5 टक्के बायकांचा आणि 2.8 टक्के पुरुषांचा टीएसएच 6च्या वर निघाला (मोजणी लिटरमागे मिलियुनिटमध्ये, पुढे नुसते आकडे देतो). ज्यांना कधी कुणी आजारी म्हटलं नसतं अशी इतकी माणसं एका चाचणीने दाखवून दिली.

व्हिकमची खरी देणगी वीस वर्षांनी, 1995मध्ये हाती आली. संशोधक त्याच लोकांकडे परत गेले. टीएसएच वाढलेला आणि रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीजही असलेल्या बायकांपैकी वर्षाला 4.3 टक्के उघड कमतरतेत गेल्या होत्या. नुसता टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण 2.6 टक्के होतं, नुसत्या अँटिबॉडीज असलेल्यांत 2.1. अँटी-टीपीओ ही तपासणी आज लिहून दिली जाते ती याचसाठी. ती केल्याने आज उपचार लागतो का हे कळत नाही. पुढे लागण्याची शक्यता किती, एवढं कळतं. दोन्ही गोष्टी एकच धरल्या की घाईने गोळी सुरू होते.

आता आकड्यावरची रेघ कुठून आली ते पाहू. लॅबच्या कागदावरची वरची मर्यादा साधारण 4 ते 4.5 असते. ती निरोगी लोकांच्या रांगेत वरचे अडीच टक्के बाजूला काढून मिळते. म्हणजे ती संख्याशास्त्राची रेघ, तिच्यापलीकडे पाऊल पडताच काही बिघडतं असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत 2002 साली ती 4.12 आली, आणि त्याच आकडेवारीत ऐंशीच्या पुढच्या लोकांपुरतं पाहिलं तर ती साडेसातच्या आसपास गेली. आजोबांचा टीएसएच 6.5 असेल तर तो त्यांच्या वयाचा असू शकतो. दहाची रेघ जरा वेगळ्या पुराव्यावर उभी आहे. 2010मध्ये अकरा दीर्घ पाहण्या, पंचावन्न हजारांहून जास्त माणसं एकत्र धरून पाहिली, तेव्हा हृदयविकाराचा धोका दहा आणि त्यावरच्या टीएसएचला स्पष्ट वाढलेला दिसला. दहाच्या आत तो तसा ठळक नव्हता. दहा हा सोयीचा गोल आकडा आहे हे खरं, 9.6 आणि 10.3 यांत निसर्गाने भिंत घातलेली नाही. पण रेघ कुठेतरी मारायचीच, तर इथे मारायला निदान कारण आहे.

दहाच्या आत गोळीने बरं वाटतं का, याची मोठी कसोटी 2017मध्ये झाली. चार युरोपीय देशांतल्या 65 वर्षांवरच्या 737 लोकांना निम्मे-निम्मे वाटून लेव्होथायरॉक्सिन किंवा तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. सुरुवातीचा सरासरी टीएसएच 6.4. वर्षभराने औषधवाल्यांचा 3.63 झाला, दुसऱ्यांचा 5.48. आकडा सुधारला, थकवा आणि इतर लक्षणं मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. या चाचणीत दहाच्या वरचे लोक थोडे होते आणि तरुण नव्हतेच, ही तिची मर्यादा. तरी साठी-सत्तरीतल्या माणसाला 6.4वर गोळी देण्याच्या सवयीला तिने चांगलाच धक्का दिला.

याच चाचणीत प्रवेश मिळायला तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच वाढलेला असणं भाग होतं, ही अट मला निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. इस्रायलमधल्या मोठ्या नोंदवहीवर 2007मध्ये झालेल्या अभ्यासात 5.5 ते 10मध्ये असलेल्यांपैकी 62 टक्के लोकांचा टीएसएच पुढच्या पाच वर्षांत बिनऔषधाचा नॉर्मलला आला. यात आश्चर्य नाही. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून माणूस बरा होत असताना तो काही आठवडे वर जातो, कधी वीसपर्यंतही. लिथियम आणि अमिओडॅरोन त्याला वाढवतात, थायरॉइडला आलेली तात्पुरती सूज ओसरताना तो वाढतो, लठ्ठपणातही थोडा वर असतो. आणि क्वचित रक्तातल्या काही अँटिबॉडीज चाचणीलाच फसवतात. एकाच माणसाच्या दोन रिपोर्टांत 40 टक्क्यांच्या आतला फरक असेल, तर तो नुसता दिवसादिवसातला चढउतार असू शकतो.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे, ते 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीतून दिसतं. त्यात मुंबई आणि गोवा होते. 8 टक्के प्रौढांत सबक्लिनिकल कमतरता निघाली, अँटी-टीपीओ पाचांत एकाहून अधिक जणांत. शिवाय आता सवलतीच्या चेकअप पॅकेजमध्ये टीएसएच आपसूक असतो, त्यामुळे काही तक्रार नसताना आकडा हातात पडतो.

समजा कोल्हापूरची 44 वर्षांची, 58 किलो वजनाची शिक्षिका. ऑगस्टमध्ये चिकनगुनिया झाला, तीन आठवड्यांनी अंगातली ताकद परतेना म्हणून पॅकेज केलं. टीएसएच 7.8, फ्री टी-फोर 1.1, लॅबची मर्यादा 0.8 ते 1.8. शेजारच्या काकू गोळी घेतात, त्या म्हणतात, सुरू कर. इथे थांबायचं, कारण ताप नुकताच सरला आहे. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळी, पुन्हा रक्त: टीएसएच 6.3, फ्री टी-फोर 1.0, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. सोबत हिमोग्लोबिन पाहिलं तर 9.8, फेरिटिन तळाला. पाळीत रक्तस्राव जास्त. थकव्याला आता ठोस कारण आहे, म्हणून आधी लोह द्यावं. थायरॉइड खूप मंदावल्यावरही पाळी वाढते, पण 6.3च्या टीएसएचवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही.

लोह भरून निघाल्यावरही थकवा राहिला, तर 65च्या आतल्या रुग्णाला सहा महिने गोळी देऊन पाहणं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वंही मान्य करतात. अट एकच: टीएसएच नॉर्मलला आल्यावरही फरक पडला नाही तर गोळी बंद करायची. आपल्याकडे गोळी सुरू करायला जितके लोक तयार असतात, तितके ती बंद करायला नसतात.

हिच्या बाबतीत हिमोग्लोबिन 12 झालं आणि ती ताजीतवानी झाली, असं धरू. अँटिबॉडीज आहेत, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच. व्हिकमचा दर धरला तर हिच्यासारख्या तिघींपैकी साधारण एक दहा वर्षांत उघड कमतरतेत जाईल. दोन वर्षांनी टीएसएच 11.2 आला, दोन-तीन महिन्यांनी 11.8, फ्री टी-फोर 0.9. आता गोळी. वय कमी, हृदय ठीक, म्हणून 50 मायक्रोग्रॅमपासून. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलंच जात नाही. थायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धायुष्य आठवडाभराचं असल्याने सहा ते आठ आठवड्यांआधी टीएसएच तपासून उपयोग नाही.

हीच बाई 31 वर्षांची आणि मूल हवं असलेली असती, तर 6.3 आणि अँटिबॉडीज एवढ्यावरच बहुतेक डॉक्टर गोळी देतात, कारण गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याला आईचंच थायरॉक्सिन पुरवायचं असतं. तिची सासू 76 वर्षांची असती आणि तिचा टीएसएच 6.3 असता, तर फक्त वर्षाने पुन्हा तपासणी. त्या वयात डोस किंचित जास्त झाला, टीएसएच 0.1च्या खाली घसरला, तर नाडी अनियमित होण्याचा धोका तिप्पट होतो, हे फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने 1994मध्येच दाखवलं आहे, आणि हाडंही ठिसूळ होतात.