सालगिरह: पन्नासाव्या गाठीसाठी दखनी मसनवी

उर्दूत वाढदिवसाला ‘सालगिरह’ म्हणतात. साल म्हणजे वर्ष आणि गिरह म्हणजे गाठ. हिंदीतला ‘वर्षगाँठ’ हा शब्दही तेच सांगतो. पूर्वी राजेरजवाड्यांच्या घरी मूल जन्मले की एक दोरा ठेवला जाई आणि दर वर्षी त्यात एक गाठ मारली जाई. गाठी मोजल्या की वय कळे. मुघल दरबारात याच दिवशी बादशहाची तुला होत असे. अकबर वर्षातून दोनदा, एकदा सौर आणि एकदा चांद्र वाढदिवसाला, सोने आणि इतर वस्तूंत तोलला जाई, असे अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे. तुलेतल्या वस्तू नंतर दान केल्या जात.

आमच्या कवठे महांकाळचा माझा एक जुना मित्र यंदा पन्नाशीचा झाला. द्राक्षबागायतदार आहे, बेदाणा करतो. सोन्यात तोलण्याची ऐपत माझी नाही आणि तोलून घेण्याची हौस त्याची नाही. महिनाभर आधीच त्याने बजावले होते, “शाल-श्रीफळ घेऊन आलास तर दारातून परत पाठवीन. काही तरी लिहून आण. आणि तुमच्या घरच्या भाषेत आण, पुस्तकातल्या नको.” हा मराठा घरातला माणूस. लहानपणी आमच्या गल्लीत वाढल्यामुळे माझ्या अम्मीची दखनी त्याला मराठीइतकीच कळते. त्यामुळे मला आधी भाषा निवडायची गरज उरली नाही. पण दखनीत वाढदिवसाची कविता लिहायची म्हटल्यावर तिचा इतिहास आणि तिची मोजमापे पुन्हा चाळावी लागली. हा लेख त्यातूनच आला.

दखनीत वाढदिवसावर लिहिणे नवे नाही. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह (राज्यकाल १५८० ते १६१२), म्हणजे हैदराबाद वसवणारा राजा, स्वतः दखनीत कविता करी. त्याच्या मागून गादीवर आलेला पुतण्या मुहम्मद कुतुबशाह याने त्याच्या कविता एकत्र केल्या. १९४० साली डॉ. मुहियुद्दीन कादरी ‘जोर’ यांनी हे कुल्लियात संपादून छापले. त्यात ईद आहे, नवरोज आहे, वसंत आहे, आणि पावसाच्या तोंडावरचा ‘मिरग’ही आहे. आपला शेतकरी ज्या मृगाची वाट पाहतो तोच हा मिरग. याच कवितांच्या रांगेत सालगिरहवरच्याही कविता आहेत, पण त्या सुलतानाने स्वतःच्याच वाढदिवसावर लिहिल्या आहेत. मित्राची थट्टा त्यात नाही, राजवैभव आणि ईश्वराचे आभार आहेत. मला त्यांच्याकडून एवढेच घ्यायचे होते की, फारसी उत्तम जाणणाऱ्या राजाला आपला वाढदिवस दखनीत साजरा करावासा वाटला.

कवितेसाठी भाषा निवडणे हा दख्खनच्या दरबारांतला एक खेळही होता. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. अर्थ विचारल्यावर सांगितले, मला बारा भाषांत कविता करता येते. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ इतिहासाचार्य राजवाड्यांनी प्रसिद्ध केला म्हणून हा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मिरज-विजापूर पट्ट्यावर तेव्हा आदिलशाही होती. दुसरा इब्राहीम आदिलशाह याने ‘किताब-ए-नवरस’मधली गीते दखनीत रचली, आणि पुढे दुसऱ्या अली आदिलशाहाच्या दरबारी कवीने, नुसरतीने, १६५७ साली ‘गुलशन-ए-इश्क’ ही मनोहर-मधुमालतीची प्रेमकथा दखनीत सांगितली. ती मसनवी आहे.

मसनवी म्हणजे द्विपदींची माळ. गझलेत पहिल्या शेरात ठरलेले यमक शेवटपर्यंत ओढावे लागते. मसनवीत तसे नाही. दोन ओळींनी एकमेकींशी यमक जुळवले की काम झाले, पुढच्या दोन ओळी नवे यमक घेतात. म्हणूनच हजारो ओळींच्या कथा याच घाटात लिहिल्या गेल्या. भेटकवितेलाही हा घाट बरा पडतो. एका जोडीत चिमटा काढावा, पुढच्या जोडीत त्याचे उत्तर द्यावे, शेवटच्या जोडीत दुआ मागून मोकळे व्हावे.

मसनवीची सर्वांत ओळखीची चाल म्हणजे फिरदौसीच्या ‘शाहनामा’ची आणि सादीच्या ‘बोस्तान’ची. तिला मुतकारिब म्हणतात. फारसी छंदशास्त्र, म्हणजे अरूज, ती ‘फऊलुन फऊलुन फऊलुन फअल’ अशी मोजते. हे नाव ऐकून मराठी वाचकाने बिचकू नये. फऊलुन म्हणजे एक लघू आणि दोन गुरू, आपला ‘य’ गण: लगागा. चार ‘य’ गण ओळीने ठेवले की भुजंगप्रयात होतो, आणि समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातातच आहेत. शाहनाम्याची ओळ त्याहून शेवटचा एक गुरू कमी घेते: लगागा लगागा लगागा लगा. आपल्या छंदशास्त्रात यालाही भुजंगी हे नाव आहे. म्हणजे सज्जनगडावर रोज कानी पडणारी चाल आणि इराणच्या पहलवानांची चाल सख्ख्या बहिणी आहेत. मनाच्या श्लोकाच्या चालीत ओळ म्हणावी आणि शेवटचे अक्षर गाळावे, मसनवी सुरू होते.

मी मित्राला दिलेल्या ओळी अशा:

गिरह बाँध धागे में पच्चासवीं
अबी तू तो बोल्या कि बूढ़ा नहीं

तिरी उम्र अंगूर जैसी चली
हुई सूख रॅकाँ पे मीठी डली

मुजे केक में नक्को अब तोल तू
वही अपनी गप्पाँ च बस बोल तू

दुआ है कि धागा ये लंबा रहे
गिरह पर गिरह तू लगाता रहे

अर्थ सरळ आहे. पन्नासावी गाठ बांध, आत्ताच तर म्हणत होतास की मी म्हातारा नाही. तुझे वय द्राक्षासारखे गेले, रॅकवर सुकून गोड खडा झाले. तिसरी जोडी मित्राच्या तोंडी आहे: मला केकमध्ये तोलू नको, आपल्या त्याच गप्पा तेवढ्या मार. तिथे अकबराची तुला थट्टेत आली आहे. शेवटी दोरा लांब राहो ही दुआ.

आता पहिली ओळ मोजून पाहू: गिरह बाँ / ध धागे / में पच्चा / सवीं. मराठी वर्णवृत्ताच्या हिशेबाने इथे दोन अडचणी दिसतील. ‘गिरह’मध्ये आपण तीन लघू मोजतो. अरूज मात्र कागदावरचे अक्षर न मोजता तोंडातला उच्चार मोजते. ‘गि’ सुटा, ‘रह’ एका दमात, म्हणून लघू-गुरू. ‘बस’ आणि ‘पर’ हेही तिथे एकेक गुरू ठरतात. दोन लघूंचा एक गुरू धरणाऱ्या मराठी गझलकारांना हे चटकन पटेल. दुसरी अडचण ‘में’ची. लिहिताना तो दीर्घ आहे, पण ओळीत त्याला लघूची जागा मिळाली आहे. उर्दूत शब्दाच्या शेवटचा स्वर असा आखडून म्हणता येतो. ‘तू तो बोल्या’तला ‘तो’, ‘नक्को’तला ‘को’ आणि ‘अपनी’तला ‘नी’ याच नियमाने आखडले आहेत. मात्र शब्दाच्या पोटातला स्वर आखडता येत नाही. ‘अंगूर’चा ‘गू’ ऱ्हस्व केला की शब्दच मोडतो. ओळ कुठे बिघडली हे ओळखायचे असेल तर ती मनाच्या श्लोकाच्या चालीत मोठ्याने म्हणावी. जिथे जीभ शब्दाच्या मध्यावर अडखळते, तिथे शब्द बदलायचा.

छंदापेक्षा अवघड काम भाषा सांभाळण्याचे आहे. लिहायला बसलेला माणूस शाळेत शिकलेल्या उर्दूकडे आपोआप सरकतो. ‘तू बोल्या’ लिहिता लिहिता ‘तू ने बोला’ होते. दखनीत हा ‘ने’ लागत नाही. अनेकवचन ‘आँ’ने होते, आणि ते नव्या शब्दालाही लागते, म्हणून इंग्रजी रॅकचे ‘रॅकाँ’ झाले आणि मराठी गप्पांचे ‘गप्पाँ’. नकारासाठी ‘मत’ऐवजी ‘नक्को’ येतो, तो आपल्याच ‘नको’चा भाऊ. आणि जोर देणारा ‘च’ तर मराठीतून जसाच्या तसा आला आहे. उर्दूतला ‘ही’ शब्दापासून वेगळा उभा राहतो, दखनीतला ‘च’ ज्या शब्दावर भर द्यायचा त्यालाच चिकटतो. ‘गप्पाँ च’ म्हणजे गप्पाच, दुसरे काही नाही. तो ‘बोल’ला चिकटवला असता तर अर्थ झाला असता ‘बोलच’, आणि चिमटा निघून गेला असता.

हे सारे ‘बिघडलेल्या उर्दू’चे नियम आहेत, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. घरी बोलायची ती भाषा, लिहायची ती दुसरी, अशी आमची वाटणी झालेली. इतिहास मात्र उलट क्रम दाखवतो. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाने घेतले. दखनीला आश्रय देणारे दरबार गेले. वली दखनीची कविता दिल्लीला पोहोचली, तिथल्या कवींनी तिच्यापासून धडा घेतला, आणि मग दिल्लीने भाषेची जी घडी घातली तीच शुद्ध ठरली. दखनी आधी दरबारात होती, नंतर स्वयंपाकघरात आली. ‘नक्को’ आणि ‘च’ हे काही अडाण्यांच्या चुका नाहीत. कन्नड, मराठी आणि तेलुगूच्या शेजारात शतकानुशतके राहिल्याच्या त्या खुणा आहेत.

या ओळी मी देवनागरीत लिहिल्या, कारण माझ्या मित्राला उर्दू लिपी येत नाही आणि आमच्या घरातल्या नव्या पोरांनाही येत नाही. अम्मीच्या पिढीच्या तोंडी असलेले कितीतरी शब्द कुठल्याच लिपीत उतरलेले नाहीत. दीवान लिहून ते वाचवण्याची ताकद माझ्यात नाही. पण आठ ओळी लिहिता येतात, आणि त्यासाठी एखाद्या ओळखीच्याची सालगिरह हे निमित्त पुरते. मित्राने त्या बेदाण्याच्या शेडमध्ये मजुरांसमोर मोठ्याने वाचल्या, ‘रॅकाँ’वर थांबून हसला आणि म्हणाला, “दुसरी ओळ माझ्या बायकोला वाचून दाखवू नको. बूढ़ा नहीं म्हणालो होतो, ते तिला ठाऊक आहे.”