खोलीची दिशा व रंगनिवड

खिडकीतून येणाऱ्या उजेडानुसार भिंतीचा रंग ठरविण्याची पद्धत. महाराष्ट्रात पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर तिरपे, पिवळसर ऊन थेट आत येते. त्यात केशरी रंग भडक दिसतो आणि तकतकीत भिंत डोळ्यांवर चमकते. म्हणून तेथे फिकट हिरवट-राखाडी, बिनचमकीचा रंग लावतात. पूर्वेला ऊन सकाळपुरतेच असल्याने फिकट मोतिया चालतो. उत्तरेच्या निळसर उजेडात शुद्ध पांढरा करडा वाटतो. तेथे क्रीम बरा. दक्षिणेचे ऊन हिवाळ्यात खोलवर शिरते, तेव्हा फिकट राखाडी डोळ्यांना सुखावतो. निवडीपूर्वी दोन भिंतींवर 2 फुटी चौकोन रंगवून सकाळी 9, दुपारी 4 व रात्री दिव्याखाली पाहावेत. रंगाने आत येणारे ऊन अडत नाही. ते अडवायला खिडकीबाहेर आडोसा लागतो.