पीएफ थकबाकीची ऑनलाइन सुनावणी: कागद कसे लावावेत, मुद्दे कोणते मांडावेत

मालकाने भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) रक्कम भरली नाही किंवा कमी भरली, अशी तक्रार आल्यावर भविष्य निधी कार्यालय चौकशी करून थकबाकी किती आहे हे ठरवते. या ठरवण्याला नोटिशीत ‘निर्धारण’ म्हटलेले असते. १९५२ च्या कायद्यात ही चौकशी कलम ७अ खाली येते आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कलम १२५ खाली. तुमच्या नोटिशीवर यांपैकी कोणते कलम छापले आहे ते पाहून ठेवा, पुढच्या प्रत्येक अर्जात तेच लिहायचे आहे. २०२० नंतर या सुनावण्या व्हिडिओवरही होऊ लागल्या. तशी सुनावणी असल्यास नोटिशीसोबत तारीख, वेळ आणि लिंक येते.

चौकशी मालकाविरुद्ध असते आणि मालकाला बोलण्याची संधी दिल्याशिवाय आदेश काढता येत नाही. कामगार तिथे बहुधा तक्रारदार म्हणून येतो. नोटिशीत तुमचे नाव नसेल, तर तक्रार क्रमांक लिहून ‘तक्रारदार म्हणून माझे म्हणणे ऐकावे’ असा एका परिच्छेदाचा अर्ज सुनावणीच्या आधी द्या.

अधिकारी नेमके काय मोजतात

थकबाकी महिन्यागणिक निघते. प्रत्येक महिन्यासाठी अधिकाऱ्यांना तीन गोष्टी लागतात: त्या महिन्यात तुम्ही कामावर होता का, पीएफसाठी धरायचे वेतन किती होते आणि खात्यात भरले किती गेले. ‘मालकाने चार वर्षे फसवले’ या वाक्यातून यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून कागद जमवण्याआधी एक कोरा तक्ता आखा आणि नोकरीच्या प्रत्येक महिन्याला एक ओळ द्या.

एक उदाहरण घेऊ. निपाणीकडचा एक कामगार राजाजीनगर इंडस्ट्रियल टाऊनमधल्या पत्राकामाच्या कारखान्यात १ जुलै २०२१ ला लागला आणि ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे होता. त्याच्या पीएफ पासबुकात पहिली नोंद एप्रिल २०२३ ची आहे, तीही ९,००० रुपये वेतनावर. (उदाहरण कल्पित आहे, आकडेमोड नियमाप्रमाणे केलेली आहे.)

तक्रार पक्की करण्याआधी त्याने एक तपासणी करायला हवी. passbook.epfindia.gov.in वर दुसऱ्या सदस्य क्रमांकाखाली काही रक्कम जमा आहे का? कामगाराचा जुना यूएएन न विचारता नवा काढला जातो आणि पैसे दोन ठिकाणी विभागले जातात, असे घडते. सुनावणीत मालकाच्या वकिलाने ते दुसरे पासबुक दाखवले, तर तुमच्या खऱ्या महिन्यांवरही शंका घेतली जाते.

ईएसआयची नोंद: हाताशी असलेला सरकारी पुरावा

राजाजीनगरात ईएसआयसीचे मोठे रुग्णालय आहे आणि या भागातल्या पुष्कळ कामगारांकडे तिथले केसपेपर असतात. या कामगारानेही तो जपून ठेवला आहे. पण केसपेपरवरून एवढेच दिसते की त्या तारखेला तो विमाधारक म्हणून तिथे गेला होता. पगार किती, दिवस किती भरले, हे त्यावर नसते. त्यासाठी ईएसआयसीच्या विमाधारक पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने जाऊन योगदानाचा तपशील उतरवून घ्यावा लागतो. त्यात मालकाचा कोड, महिना, दिवस आणि वेतन असते आणि ही माहिती मालकाने स्वतः भरलेली असते. आपल्या कामगाराच्या ईएसआय नोंदी जुलै २०२१ पासून सलग आहेत. ‘तो आमच्याकडे २०२३ ला आला’ हे मालकाचे म्हणणे इथेच अडते.

मग मालकाने ईएसआय भरला आणि पीएफ का नाही? कारण बहुतेक वेळा कामगारांची संख्या असते. कारखान्याला ईएसआय दहा कामगारांपासून लागू होतो, पीएफ वीसपासून. सुनावणीत ‘तेव्हा आमच्याकडे वीस माणसे नव्हती’ असे उत्तर येण्याची तयारी ठेवा. ठेकेदारामार्फत आलेली माणसेही या मोजणीत धरली जातात. त्या काळात कोणत्या खात्यात किती माणसे होती, ठेकेदार कोण होता, हे आठवून अर्ध्या पानात लिहा. सहकाऱ्यांची नावे त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

वेतनाचा आकडा फुगवू नका

इथेच बहुतेक तक्ते कोसळतात. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर लागतो. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. ईएसआयच्या वेतनात मात्र २०२५ पर्यंत हे दोन्ही येत होते, म्हणून त्या काळातला ईएसआयचा आकडा जसाच्या तसा पीएफच्या रकान्यात उतरवता येत नाही. (सरसकट सगळ्यांना दिला जाणारा ‘विशेष भत्ता’ पीएफच्या वेतनात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. पावतीवर असा भत्ता असेल, तर तो वेगळा लिहून दाखवा.)

आपल्या कामगाराकडे २०२२ च्या तीन पगारपावत्या आहेत. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, घरभाडे ८००, एकूण १४,८००. त्यातून ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १११ रुपये गेले की हातात १४,६८९ येतात. बँकेच्या पासबुकात बहुतेक महिन्यांना हाच आकडा आहे, म्हणजे पीएफ कापलेला नाही हेही त्यावरून दिसते. काही महिन्यांत सोळा हजारांवर रक्कम आली आहे, तो ओव्हरटाइम. त्याने सगळीकडे १४,००० च धरले. पावती नसलेल्या महिन्यांसाठी ‘बँकेतली रक्कम पावतीच्या महिन्यांइतकीच आहे’ एवढी टीप पुरते.

एप्रिल २०२३ पासून पावतीवर मूळ वेतन आणि महागाई भत्ता १५,००० आहे आणि पीएफ म्हणून १,८०० कापलेले आहेत. पासबुकात मात्र वेतन ९,०००, कामगाराचा हिस्सा १,०८०. मालकाच्या हिश्श्यापुढे फक्त ३३० पाहून दचकू नका, उरलेले ७५० पेन्शनच्या रकान्यात असतात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात, ही चोरी नव्हे.

तक्त्याचा गोषवारा असा होतो:

| काळ | महिने | पीएफचे वेतन | भरलेले वेतन | महिन्याची तूट (२४ टक्के) | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| जुलै २०२१ ते मार्च २०२३ | २१ | १४,००० | ० | ३,३६० | ७०,५६० |
| एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ | २४ | १५,००० | ९,००० | १,४४० | ३४,५६० |

बेरीज १,०५,१२०, व्याज वेगळे. दुसऱ्या काळातला एक भाग निराळा दाखवावा: पगारातून १,८०० कापून १,०८० च भरले, म्हणजे महिन्याला ७२० रुपये कामगाराच्या खिशातून गेले आणि खात्यात पोचले नाहीत. चोवीस महिन्यांचे १७,२८० होतात. न कापणे आणि कापून न भरणे यांत फरक आहे आणि अधिकाऱ्यांना तो वेगळा दिसला पाहिजे.

फाइल

सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये घ्या आणि प्रत्येक पानाला क्रमांक द्या. आधी तक्ता, मग ईएसआयच्या नोंदी, पगारपावत्या, बँकेचे पासबुक, पीएफ पासबुक आणि शेवटी केसपेपर, ओळखपत्र यांसारखे इतर. तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक लिहा. पडद्यावर अधिकारी ‘ऑगस्ट २०२२ चा आधार काय?’ विचारतील, तेव्हा ‘पान ७ आणि पान १९’ हे उत्तर पुरते. बँकेच्या पासबुकात पगाराच्या नोंदींवर खूण करा, घरच्या व्यवहारांकडे कुणाचे लक्ष जायला नको. फाइल सुनावणीच्या काही दिवस आधी नोटिशीतल्या पत्त्यावर पाठवा आणि पोच ठेवा.

भाषांतराचे काम करताना लक्षात आलेली एक बारीक गोष्ट. हाजिरीची वही मराठीत ठेवली असेल, तर मूळ पानासोबत इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडा आणि त्या प्रतीत सगळे आकडे इंग्रजी घाला. मराठीतला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. बेंगळुरूतल्या वाचणाऱ्याला ११ तारीख ९९ वाटली, तर दोष त्याचा नाही.

काय बोलायचे

बोलायला पाचेक मिनिटे मिळतील असे धरून चला. तीन मुद्दे आणि एक मागणी एवढेच एका कागदावर लिहा. आपल्या कामगाराने असे लिहिले:

“मी १ जुलै २०२१ ते ३१ मार्च २०२५ या काळात या कारखान्यात सलग काम केले, आधार ईएसआय नोंदी, पान ३ ते १०. पहिल्या २१ महिन्यांचा पीएफ भरलेलाच नाही. पुढच्या २४ महिन्यांत १५,००० ऐवजी ९,००० वर भरला आणि माझ्याकडून १,८०० कापून घेतले. मालकाकडून हजेरी पुस्तक, वेतन नोंदवही, बँकेला पाठवलेल्या पगाराच्या याद्या आणि ठेकेदारांची बिले मागवावीत.”

शेवटची मागणी विसरू नका. ही दप्तरे कामगाराकडे असूच शकत नाहीत आणि ती मागवण्यासाठी अधिकाऱ्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिलेले आहेत. ते अधिकार वापरून पुरावा मागवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या प्रकरणात सांगितले आहे. तोंडी मागणी हवेत जाते, म्हणून ती अर्जातही असू द्या.

थकलेला ओव्हरटाइम, बोनस, कामावरून काढणे हे विषय इथे काढू नका. त्यांचा निर्णय या चौकशीत होत नाही. त्यांच्यासाठी कामगार खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि इथे त्यांवर घालवलेली मिनिटे तुमच्याच तक्त्यातून जातात. मात्र ‘जुना हिस्सा आता कामगाराच्या पगारातून कापू’ असे मालक म्हणाला, तर हरकत घ्या: त्या-त्या महिन्यात न कापलेला हिस्सा नंतरच्या पगारातून वसूल करायला योजनेत साधारणपणे परवानगी नाही.

त्या दिवशी

लिंक अर्धा तास आधी उघडून पाहा आणि पडद्यावरचे आपले नाव नोटिशीतल्या नावासारखे करा, नाहीतर बाहेरच थांबवले जाल. कारखान्याच्या आवारातून किंवा रस्त्यावरून जोडू नका. मराठीत बोलण्याची सोय असेलच असे नाही. सुरुवातीलाच ‘मी कन्नड किंवा हिंदीत बोलेन’ असे सांगा किंवा युनियनच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. आवाज तुटला, तर लगेच तसे सांगून वाक्य पुन्हा म्हणा. संपर्क पूर्ण गेला, तर त्याच दिवशी ईमेलने वेळ लिहून कळवा आणि पुढची तारीख मागा.

सुनावणीनंतर त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद निघते. ती मागून घ्या आणि त्यात तुमची दप्तर मागवण्याची मागणी लिहिली आहे का ते पाहा. नसेल, तर पुढच्या तारखेआधी पान क्रमांकासह लेखी कळवा. मालकाने दप्तर आणले की त्याची प्रत मागा आणि तुमच्या तक्त्याशी महिना-महिना ताडून पाहा. जिथे आकडे जुळत नाहीत, तेवढ्याच ओळी पुढच्या सुनावणीत वाचायच्या.