उदोनच्या मेनूवरील भाष्य

छत्रपती संभाजीनगरहून जपानला गेलेल्या एका कुटुंबाने ओसाकातील उदोनच्या दुकानाचा मेनू फोटो काढून पाठवला. बरोबरच्या आजी मांस, मासे, अंडे खात नाहीत, म्हणून प्रत्येक ओळीचे मराठी हवे होते. आपल्या शहरात आलेल्या जपानी पाहुण्याला आपण नान खलियाचे भाषांतर करून देत नाही. नाव तेच ठेवतो आणि मटणाचा रस्सा आहे एवढे सांगतो. इथेही कसोटी तीच लावली. जे नाव उच्चारून पदार्थ मागवायचा ते जसेच्या तसे राहील. त्यापुढची टीप फक्त तेवढेच सांगेल, जे नाव सांगत नाही आणि जे कळल्यावाचून खाणाऱ्याला निर्णय घेता येत नाही.

ओळ 1. काके उदोन
*टीप: गरम सुपात गव्हाच्या जाड नूडल्स. सूप बहुधा माशाचे, विचारून घ्या.*

‘उदोन’ला शेवया म्हटले तर मराठी वाचकाला खीर किंवा उपमा आठवेल, नूडल्स हा शब्द आता सर्वांचा आहे, तोच घेतला. खरा प्रश्न सुपाचा. वाडग्यात नूडल्स आणि थोडी कांद्याची पात, एवढेच दिसते. पण सूप ‘दाशी’वर उभे असते, आणि दाशी सहसा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांची करतात. कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक वाळवून काढलेला कीस. दाशी गाळून घेतात, म्हणून माशाचा तुकडा कुठेच सापडत नाही. स्थानिक गिऱ्हाइकाला हे ठाऊक असते, त्यामुळे मेनूत लिहिलेले नसते. मुळात नसलेली ही माहिती मराठीत घालावीच लागते. निव्वळ कोंबूची दाशीही असते, पण ती फोटोवरून ओळखता येत नाही. म्हणून ‘विचारून घ्या’. ही टीप खालच्या तिन्ही नूडल्सच्या पदार्थांना लागू आहे.

ओळ 2. कित्सुने उदोन
*टीप: वर गोडसर शिजवलेला तळलेला टोफू.*

कित्सुने म्हणजे कोल्हा. तळलेला टोफू कोल्ह्याला फार आवडतो, ही तिथली लोकसमजूत. त्यावरून हे नाव पडले. शब्दार्थ दिला तर आजी पुढे वाचणारच नाहीत, आणि दंतकथा टिपेत मावत नाही. मात्र हा टोफू सोया सॉस आणि साखरेबरोबर बहुधा दाशीतच शिजवतात. म्हणून टोफू दिसला तरी पदार्थाला शाकाहारी म्हणता येत नाही.

ओळ 3. त्सुकिमी उदोन
*टीप: वर कच्चे अंडे फोडलेले.*

नावाचा अर्थ चंद्रदर्शन. वाडग्यातला पिवळा बलक हा चंद्र. कल्पना सुंदर आहे, पण टिपेत चंद्र घातला की अंडे लपते. ‘कच्चे’ हा शब्दही आवश्यक आहे. अंडे खाणाऱ्यांपैकीही अनेकांना कच्चे चालत नाही.

ओळ 4. तानुकी
*टीप: ओसाकात सहसा सोबा नूडल्सवर तळलेला टोफू.*

हे नाव गावागणिक पदार्थ बदलते. टोकियोत तानुकी म्हणजे वर तेम्पुराच्या पिठाची कुरकुरीत तळलेली बुंदी. क्योतोत टोफूच्या कापांवर घट्ट केलेले सूप. त्यामुळे फोटो कुठे काढला हे विचारल्याशिवाय ही ओळ सोडवू नये. सोबाचे पीठ कुट्टूचे असते, म्हणून उपवासाला चालेल असे कुणाला वाटू शकेल. पण त्यात बहुधा गव्हाचेही पीठ मिसळतात. शिवाय कुट्टूची ॲलर्जी तीव्र असू शकते. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर त्याचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे.

ओळ 5. ओयाकोदोन
*टीप: भातावर कोंबडी आणि अंडे.*

ओया म्हणजे आईबाप, को म्हणजे मूल. कोंबडी आणि तिचे अंडे एकाच वाडग्यात. इथेही नाव राखले, नात्याचा उलगडा गाळला. आजींसाठी ही ओळ सरळ वगळावी, विचारण्याचे कारण नाही.

ओळ 6. ओमोरी, 100 येन जादा
*मराठी: मोठा वाडगा, 100 येन जादा.*

हे पदार्थाचे नाव नव्हे, मापाची सोय आहे. म्हणून पूर्ण भाषांतर. मूळ शब्द जागेवर ठेवला तर वाचक तो सहावा पदार्थ समजून मागवेल.

सहा ओळींत पाच नावे राहिली, एकच बदलली. टिपांमध्ये ‘शाकाहारी’ हा शब्द मुद्दाम एकदाही वापरला नाही. फोटोवरून ‘चालणार नाही’ असे खात्रीने सांगता येते. ‘चालेल’ हे स्वयंपाकघरातल्या माणसानेच सांगावे. म्हणून आजींच्या कागदावर पदार्थांच्या नावांखाली जपानीत एक प्रश्न लिहून दिला: या सुपात मासा आहे का?